आवळ्याचा अर्क आणि एमटीटीत ११२% व्हायेबिलिटी

प्रश्न: नेरूळच्या एका लॅबमध्ये एमएस्सीचं प्रोजेक्ट करतेय. एमसीएफ-७ पेशींना आवळ्याचा पाण्यातला अर्क २४ तास देऊन एमटीटी केलं. २०० मायक्रोग्रॅम/मिलीला व्हायेबिलिटी ११२% येते, पण मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन सुटलेल्या दिसतात. ५७० नॅनोमीटरला ब्लँक (मीडियम + एमटीटी) ०.०६, कंट्रोल ०.८२, २०० ला ०.९१. कुठे चुकतंय?

उत्तर:

मायक्रोस्कोप बरोबर सांगतोय. तुमचं गणितही बरोबर आहे, फक्त ब्लँक अपुरा आहे.

एमटीटीचा पिवळा रंग जांभळ्या फॉरमॅझानमध्ये बदलतो तो रिडक्शनमुळे. जिवंत पेशीतली एन्झाइम्स ते करतात, पण ते काम फक्त पेशीच करू शकतात असं नाही. आवळ्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि पॉलिफेनॉल भरपूर असतात आणि ते पेशीशिवायही एमटीटी रिड्यूस करतात. तुमच्या ०.९१ मध्ये काही भाग पेशींचा आहे आणि काही थेट अर्काचा. मीडियम-एमटीटीच्या ब्लँकमध्ये अर्कच नाही, त्यामुळे तो भाग वजा होत नाही.

खात्री करणं सोपं आहे. रिकाम्या वेलमध्ये मीडियम, २०० चा अर्क आणि एमटीटी घाला, प्लेट ४ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवा. जांभळं झालं तर उत्तर मिळालं. नवीन अर्क हातात आला की पेशी लावण्याआधीच मी हे करायला सांगतो.

पुढच्या प्लेटची मांडणी अशी करा. ९६ वेलपैकी कडेचे ३६ वेल वाचनासाठी वापरू नका, त्यात २०० मायक्रोलिटर पीबीएस भरा. कडेला बाष्पीभवन जास्त होतं आणि तिथले आकडे भरकटतात. आत ६० वेल उरतात. कॉलम २ मध्ये नुसतं मीडियम, ३ मध्ये अर्काइतकंच पाणी घातलेलं मीडियम (हाच तुमचा कंट्रोल), ४ ते ८ मध्ये १२.५ ते २०० पर्यंतच्या पाच मात्रा. बी ते ई या चार ओळींत पेशी, एफ आणि जी या दोन ओळींत पेशी नाहीत, बाकी सगळं तेच. म्हणजे प्रत्येक कॉलमचा स्वतःचा ब्लँक त्याच्याच खाली येतो.

गणित:

```
% व्हायेबिलिटी = (नमुना − नमुन्याचा ब्लँक) ÷ (कंट्रोल − कंट्रोलचा ब्लँक) × 100
```

समजा २०० च्या पेशी नसलेल्या वेलमध्ये ०.५३ आलं. मग ०.९१ मधून ०.५३ गेले, उरले ०.३८. कंट्रोलचे ०.८२ उणे ०.०६, म्हणजे ०.७६. उत्तर ५०%. तुमच्या पद्धतीने ०.८५ भागिले ०.७६ होऊन ११२ आले होते. अर्काच्या ब्लँकमध्ये मीडियम आधीच आहे, त्यामुळे नमुन्यातून ०.०६ वेगळे वजा करू नका.

पण या ५०% वर लगेच आलेख काढू नका. वजा होणारा आकडा उरलेल्यापेक्षा मोठा झाला की छोटा फरकही उत्तर हलवतो. शिवाय पेशीबाहेर तयार झालेलं फॉरमॅझान तळाला धरून राहत नाही. एमटीटीचं द्रावण काढताना त्यातलं काही पिपेटमध्ये निघून जातं, आणि ते प्रत्येक वेलमध्ये सारखंच जाईल याची हमी नाही.

म्हणून मी अर्क आधीच काढून टाकतो. २४ तासांनंतर मीडियम काढा, कोमट पीबीएसने एकदा हलकेच धुवा, मग फिनॉल रेड आणि सीरम नसलेलं ताजं मीडियम घाला, त्यात एमटीटी ०.५ मिग्रॅ/मिली. तुमच्या सुटलेल्या पेशी धुण्यात जाऊ शकतात, आणि सुटलेली प्रत्येक पेशी मेलेली असतेच असं नाही. प्लेट फिरवायचा रोटर असेल तर २०० जीला ५ मिनिटं फिरवून मगच द्रव काढा. एफ-जी ओळी धुतल्यानंतरही ठेवा, त्या ०.०६ च्या आसपास उतरल्या तर धुणं पुरेसं झालं.

आता विरघळवणं, कारण चार रेप्लिकेटमध्ये फरक पडतो तो बहुतेकदा इथे. ३-४ तासांनी प्लेट तिरकी धरून टोक भिंतीला लावून द्रव काढा, तळाला टोक टेकवू नका. १०० मायक्रोलिटर डीएमएसओ घाला, १०-१५ मिनिटं अंधारात शेकरवर ठेवा, मग मायक्रोस्कोपखाली बघा. सुईसारखे स्फटिक दिसले तर पिपेटने हलकेच वरखाली करा, बुडबुडे फोडा, नंतरच ५७० ला वाचा आणि ६३० चं रीडिंग वजा करा. ठाण्याची ट्रान्स-हार्बर लोकल गाठायची असेल तर एमटीटी दुपारी १२ च्या आत घाला, म्हणजे ही पायरी घाईत होणार नाही.

धुतल्यानंतरही आकडा आणि मायक्रोस्कोप जुळले नाहीत तर तोच प्रयोग एसआरबीने करा. तो पेशीतली प्रथिनं मोजतो, रिडक्शनवर अवलंबून नाही. एफ आणि जी ओळींचे आकडे आले की इथे टाका, बघून सांगतो.