सलग सहा सोमवार ‘दहाच आठवडे राहिलेत’

प्रश्न: आमच्या साइटवर दर आठवड्याला एखादी तारीख पुढे जाते आणि मीटिंगमध्ये ‘आठवडाभरच तर गेलाय’ एवढंच ऐकायला मिळतं. माइलस्टोन ट्रेंड चार्टबद्दल ऐकलं आहे. तो एक्सेलमध्ये काढायचा कसा आणि त्यातून गॅन्ट चार्टपेक्षा वेगळं काय कळतं?

उत्तर:

गॅन्ट चार्ट आजचा अंदाज दाखवतो. मागच्या सोमवारी तुम्ही काय म्हणाला होतात आणि त्याच्या आधीच्या सोमवारी काय, हे त्यात उरत नाही. एमएस प्रोजेक्टमध्ये काम पुढे ढकललं की Finish रकान्यातली जुनी तारीख जाते आणि नवी बसते. बेसलाइन राहते, पण ती सुरुवातीची तारीख. मधले सगळे अंदाज हरवतात, आणि तारीख कशी कशी सरकली हे नेमकं त्या मधल्या अंदाजांमध्ये असतं. ट्रेंड चार्टमध्ये तेच अंदाज जपलेले असतात.

मी औद्योगिक शेडच्या बांधकामावर प्लॅनिंग बघतो. २०२४ च्या सुरुवातीच्या एका कामाचे आकडे देतो, म्हणजे तुम्हाला ते तसेच भरून बघता येतील. टप्पे बरेच होते. इथे तीनच घेतो: पाया पूर्ण, लोखंडी सांगाडा उभा आणि वीज चालू. दर सोमवारी आढावा असायचा.

```
Report,Paya,Sangada,Veej
2024-01-01,2024-01-29,2024-03-04,2024-04-08
2024-01-15,2024-02-05,2024-03-04,2024-04-08
2024-01-29,2024-02-12,2024-03-11,2024-04-08
2024-02-05,2024-02-12,2024-03-11,2024-04-15
2024-02-12,2024-02-12,2024-03-18,2024-04-22
2024-02-19,#N/A,2024-03-18,2024-04-29
2024-02-26,#N/A,2024-03-18,2024-05-06
2024-03-04,#N/A,2024-03-18,2024-05-13
```

(८ आणि २२ जानेवारीला काहीच बदललं नव्हतं म्हणून त्या ओळी इथे गाळल्या आहेत. तुम्ही मात्र प्रत्येक आठवड्याची ओळ भरा, तारीख तीच असली तरी.)

पहिला रकाना आढाव्याची तारीख, बाकीचे त्या दिवशी सांगितलेले अंदाज. टप्पा पूर्ण झाला की पुढच्या ओळींत `=NA()` लिहायचं, म्हणजे रेघ तिथेच थांबते. आता सगळा तक्ता निवडून Scatter with Straight Lines and Markers हा चार्ट घ्या. आडव्या अक्षावर आढाव्याच्या तारखा येतील, उभ्यावर अंदाज. दोन्ही अक्षांची सुरुवात आणि शेवट अगदी सारखा ठेवायचा आणि चार्टचा आतला भाग ओढून चौरस करायचा. एक्सेल तारखेला आतून आकडा म्हणून ओळखतं, त्यामुळे Format Axis मध्ये आकडे टाकायचे. माझे असे होते:

```
Minimum  45292   (2024-01-01)
Maximum  45460   (2024-06-17)
Major    14
```

मग एक वेगळी मालिका जोडा. तिचे बिंदू दोनच: (45292, 45292) आणि (45460, 45460). ही झाली कर्णरेषा. या रेषेवर आढाव्याची तारीख आणि अंदाजाची तारीख एकच असते, म्हणजे ‘आज झालं’. प्रत्येक टप्प्याची रेघ डावीकडून निघते आणि टप्पा पूर्ण होईल त्या दिवशी कर्णाला टेकते. पायाची रेघ १२ फेब्रुवारीला टेकली. एखादा बिंदू कर्णाच्या खाली पडला तर चार्ट चुकलेला नसतो. होऊन गेलेली तारीख कुणीतरी अजून ‘अंदाज’ म्हणून तशीच ठेवलेली असते.

रेघ आडवी चालली तर तारीख जागेवर आहे, वर चढली तर काम लांबतंय, खाली उतरली तर लवकर होतंय. इतकं सगळेच सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो चढाचा कोन. वीज चालू होण्याची रेघ पाहा. २९ जानेवारीपर्यंत ती आडवी आहे, ८ एप्रिलवर. तिथून मात्र दर सोमवारी ती बरोबर सात दिवस चढते, म्हणजेच कर्णाला समांतर जाते. समांतर रेघ कर्णाला कधीच टेकत नाही. प्रत्येक ओळीत अंदाज वजा आढाव्याची तारीख करून बघा:

```
=D2-A2
```

(उत्तर तारखेसारखं दिसलं तर सेलचा फॉरमॅट General करा.) १ जानेवारीला ९८ दिवस येतात. २९ जानेवारीला ७०. पुढच्या सोमवारी ७०, त्याच्या पुढच्या सोमवारी ७०, ४ मार्चलाही ७०. सलग सहा सोमवार काम दहा आठवड्यांवरच उभं होतं. मीटिंगमध्ये मात्र दर वेळी ‘एक आठवडा गेला’ एवढीच नोंद व्हायची, आणि एका आठवड्यासाठी कोण भांडतो?

मीही सहज घेत होतो. २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी जुने साप्ताहिक रिपोर्ट काढून हा चार्ट मागून भरला तेव्हा ती समांतर रेघ दिसली आणि पोटात गोळा आला. समांतर रेघेचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो: ज्या कामाला ठरावीक मुदत लागते ते सुरूच झालेलं नाही. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर बनवायला आठ आठवडे आणि बसवून चाचणी घ्यायला दोन, असे दहा आठवडे धरले होते. पुरवठादार रास्तच सांगत होता की ‘आजपासून दहा आठवडे’. पण त्याचा ‘आज’ दर सोमवारी नवा होता, कारण ड्रॉइंगला मंजुरीच मिळाली नव्हती. शेडमध्ये येणाऱ्या मशीनचा एकूण भार मालकाच्या बाजूने ठरत नव्हता, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर ३१५ केव्हीएचा की ५०० चा हे अडून राहिलं होतं. विजेच्या ठेकेदाराला आम्ही इतके आठवडे धारेवर धरलं. अडलेलं काम त्याच्या हातात नव्हतंच.

४ मार्चच्या मीटिंगला चार्ट छापून नेला. त्यात आणखी एक तुटक रेघ काढली होती, कर्णाला समांतर पण ७० दिवस वर. वीज चालूची आडवी रेघ २९ जानेवारीला या तुटक रेघेला टेकते. त्या दिवसापर्यंत हातात मोकळे दिवस होते, म्हणून मंजुरी नसतानाही तारीख हलली नाही. तो दिवस ओलांडला आणि तारीख रोज एक दिवस सरकू लागली. मालकाच्या माणसाने त्या टेकण्याच्या जागेवर बोट ठेवून विचारलं, ‘म्हणजे इथे आम्ही सही करायला हवी होती?’ तीन दिवसांनी, ७ मार्चला, मंजुरी आली. ११ मार्चच्या आढाव्यात अंदाज १६ मे झाला आणि रेघ पुन्हा आडवी झाली. शेवटी वीज २० मेला चालू झाली, मूळ तारखेपेक्षा सहा आठवडे उशिरा. त्यानंतर ज्या वस्तूला लांब मुदत लागते तिच्यासाठी मी अशी तुटक रेघ पहिल्याच दिवशी काढून ठेवतो.

दुसरी बघण्याची गोष्ट म्हणजे दोन रेघांमधलं अंतर. १ जानेवारीला पाया आणि सांगाडा यांच्यात ३५ दिवस होते. १५ जानेवारीला पाया एक आठवडा लांबला, सांगाडा मात्र ४ मार्चवरच राहिला, म्हणजे अंतर २८ दिवस. सांगाडा उभा करणाऱ्यांनी क्रेन वाढवली होती का, माणसं वाढवली होती का? काहीच नाही. त्यांना पायाची नवी तारीख कुणी कळवलीच नव्हती. १२ फेब्रुवारीला त्यांनी खरा हिशेब केला तेव्हा अंदाज १८ मार्च आला आणि अंतर पुन्हा ३५ दिवस झालं. खालची रेघ चढते आणि तिच्यावर अवलंबून असलेली वरची आडवी राहते, तेव्हा त्या आडव्या रेघेवर विश्वास ठेवू नका. आधी विचारा की कमी झालेले दिवस कशाच्या जोरावर भरून काढणार. उत्तर ठोस असेल तर ठीक. नसेल तर ती तारीख आजच हलवून घ्या, कारण चार आठवड्यांनी ती तशीही हलणार आहे.

आता आकडे गोळा करण्याबद्दल, कारण चार्ट बिघडतो तो इथेच. पहिलं, टप्पा म्हणजे नेमकं काय हे लिहून ठेवा. ‘पाया पूर्ण’ याचा एकाच्या मते अर्थ शेवटचं काँक्रीट ओतलं असा होता, दुसऱ्याच्या मते अँकर बोल्टची मापं तपासून सही झाली असा. यात सहज आठवडा जातो आणि रेघ विनाकारण वरखाली नाचते. आम्ही सही धरली. दुसरं, अंदाज विचारताना मागच्या आठवड्याची तारीख समोर ठेवू नका. ‘अजून पाच फेब्रुवारीच ना?’ असं विचारलं की माणूस ‘हो’ म्हणतो. ‘काय काय बाकी आहे, आणि मग कधी होईल?’ असं विचारा. बाकी कामं तोंडाने मोजली की तारीख आपोआप खरी येते. हे न केल्याने होणारं नुकसान चार्टवर ओळखू येतं: रेघ महिनोन्‌महिने आडवी आणि कर्णाजवळ येताच एकदम उभी. इतके आठवडे तारीख जागेवर नव्हती, फक्त कुणी विचारली नव्हती.

एका छोट्या गोष्टीने मला बराच त्रास दिला आहे. संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर 05-02-2024 टाकल्यावर ५ फेब्रुवारीऐवजी २ मे येते आणि रेघ आकाशात जाते. 15-02-2024 टाकलं तर ती तारीखच मानली जात नाही, साधा मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसते. वरच्या तक्त्यासारखं आधी वर्ष लिहिलं की हा घोळ टळतो.

एका चार्टवर पाच-सहापेक्षा जास्त रेघा घेऊ नका, त्याहून जास्त झाल्या की डोळ्याला काहीच पकडता येत नाही. आणि उशीर का होतोय हे चार्ट सांगणार नाही. कुणाला, कोणत्या आठवड्याबद्दल विचारायचं एवढं तो दाखवेल. ७० दिवसांची ती समांतर रेघ दिसल्यावरसुद्धा ड्रॉइंगपर्यंत पोहोचायला मला चार फोन करावे लागले.

तुमच्याकडे सुधारित वेळापत्रक मंजूर झालं तर जुन्या रेघा पुसून नवी सुरुवात करण्याचा आग्रह होईल. तो मानू नका. मंजुरीच्या तारखेला एक उभी रेघ मारा आणि पुढचे बिंदू त्याच मालिकेत चालू ठेवा. सुधारणेनंतर चढ थांबला की तसाच राहिला, हे त्या उभ्या रेघेच्या दोन्ही बाजू एकत्र दिसल्या तरच कळतं.