ऑफिस हलवताना आधी इंटरनेट लाइन बघा

ऑफिस हलवायच्या कामांच्या तुमच्या यादीत पॅकिंग सगळ्यात वर असेल, पण हलवण्याची तारीख त्यावर ठरत नाही. प्रत्येक कामापुढे दोनच गोष्टी लिहा: किती दिवस लागतील आणि त्याआधी काय पूर्ण हवं.

समजा, जागेचा करार झाला. तिथून दोन वाटा फुटतात. पहिली: इंटरनेट लाइन येणं 15 दिवस, नेटवर्कची चाचणी 2, सामान हलवणं 1, एकूण 18. दुसरी: बसण्याचा आराखडा 2, वायरिंग 4, फर्निचर 3, मग तीच चाचणी आणि सामान हलवणं मिळून 3, एकूण 12. लांब वाट हाच क्रिटिकल पाथ. म्हणजे लाइनचा अर्ज कराराच्याच दिवशी द्या; तो दोन दिवस रखडला तर सामान हलवणंही दोन दिवस पुढे जाईल.

दुसऱ्या वाटेला 6 दिवसांची सवड आहे. इथेच नवखे फसतात: आराखडा, वायरिंग, फर्निचर, प्रत्येकासमोर 6 दिसतात, पण ते सहा दिवस तिघांत मिळून आहेत. आराखड्यावर साहेबांनी 4 दिवस जास्तीचे घालवले, तर वायरिंग आणि फर्निचरला मिळून 2 उरतात. (साहेब घालवतातच.) वायरिंग आणखी 3 दिवस लांबली की ही वाट 19 दिवसांची होते, आणि क्रिटिकल पाथ इकडे सरकतो. म्हणून एखादं काम लांबलं की दोन्ही बेरजा पुन्हा करा.

दोन वायरमन एकाच वेळी मिळतील का, हे मात्र ही पद्धत सांगत नाही. ते वेगळं तपासा.