‘टायमिंग’ची गोळी घेण्याआधी

“सर, लग्नाला दीड वर्ष झालं. संबंध सुरू झाले की मिनिट-दोन मिनिटांत माझं होऊन जातं. लग्नाआधीच्या सवयीमुळे नस कमजोर झाली असेल का? एकाकडून टायमिंगच्या कॅप्सूल आणल्या, काही फरक नाही. बायको बोलत नाही, पण मलाच तिच्याकडे बघवत नाही. यावर इलाज आहे का?” (वय २९, सोलापूर)

इलाज आहे, आणि त्यातला बराचसा भाग घरीच, गोळीविना करता येतो. हा प्रश्न विचारणारा तरुण पुढे बायकोला घेऊन आला. दोघांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांचंच काय झालं ते सांगतो.

तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. ती घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आई-वडील, मधल्या दाराला नुसता पडदा.

मी आधी साधे प्रश्न विचारले. हे पहिल्यापासून आहे की मधेच सुरू झालं? ताठरता नीट येते का? लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं? एकट्याने हस्तमैथुन करताना किती वेळ लागतो? ताठरता ठीक होती, दुखणं-जळजळ नव्हती. पण घाई पहिल्यापासून होती. वयात आला तेव्हा चाळीत सगळ्यांना मिळून एकच संडास, बाहेर कोणीतरी बादली घेऊन उभं. पटकन उरकायचं हे तेव्हा अंगवळणी पडलं. लग्नानंतर पडद्यापलीकडे वडील खोकले तरी तो दचकायचा. सगळ्यांचं कारण हेच असतं असं नाही. काही पुरुषांचं शरीरच मुळात या बाबतीत जास्त हळवं असतं. पण याच्या बाबतीत घाईची सवय ठळक दिसत होती आणि सवय बदलता येते.

‘नस कमजोर’ ही भीती मात्र आधी काढून टाकावी लागली. हस्तमैथुनाने कुठलीही नस कमजोर होत नाही. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे शंभर थेंब, हे त्याने शाळेत असताना ऐकलं होतं आणि आजपर्यंत खरं मानलं होतं. वीर्याचा बहुतांश भाग म्हणजे पुरस्थ, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथी आणि तिच्या शेजारच्या वीर्याशयात तयार होणारा द्रव. शरीर तो पुन्हा पुन्हा बनवत राहतं. तो बाहेर गेल्याने रक्त कमी होत नाही. या एका समजापायी कित्येक तरुणांनी भिंतीवरच्या जाहिराती वाचून पगारच्या पगार घालवलेले मी पाहिलेत.

दुसरी भीती वेळेची. त्याला वाटायचं की बाकीच्या पुरुषांना अर्धा तास लागतो. हा हिशेब मित्रांच्या गप्पांतून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेला. ते व्हिडिओ तुकडे जोडून बनवलेले असतात. पाच देशांतल्या जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यक्ष संभोगाचा मध्यम वेळ साडेपाच मिनिटांच्या आतच निघाला. कोणाचा अर्ध्या मिनिटाच्या आसपास, कोणाचा चाळीस मिनिटांच्या वर. डॉक्टर शीघ्रपतन म्हणतात ते साधारण असं: पहिल्यापासून जवळजवळ नेहमीच एका मिनिटाच्या आसपास किंवा त्याआधी होणं, किंवा आधी ठीक असताना नंतर वेळ घटून तीन मिनिटांच्या आत येणं. शिवाय थांबवता न येणं आणि त्याचा मनाला त्रास होणं हेही त्यात धरतात. याची अडचण त्या सीमेवरची होती.

बायकोशी मी थोडा वेळ वेगळं बोललो. ती म्हणाली, “लवकर होतं त्याचं मला काय नाही, सर. पण हे नंतर भिंतीकडे तोंड करून झोपतात. मग आठ-आठ दिवस जवळ येत नाहीत. मला वाटायचं, मीच आवडत नाही यांना.” तिच्या परवानगीने हे मी त्याच्यासमोर ठेवलं. तो बराच वेळ गप्प होता. दीड वर्षं तो भलत्याच गोष्टीचं ओझं वाहत होता.

आता त्याचे स्वतःचे उपाय. वेळ वाढावा म्हणून तो संबंधाच्या वेळी कारखान्याचा हिशेब मनात करायचा. एकदा दोन निरोध एकावर एक घातले. कधी थोडी दारू घेतली. दोन निरोध एकमेकांवर घासून फाटू शकतात, तेव्हा ते कधीच करू नये. दारूने ताठरताच जाऊ शकते. पण सगळ्यात जास्त नुकसान करतो तो मन दुसरीकडे नेण्याचा सल्ला. वीर्यपतनाआधी एक क्षण असा येतो की त्यानंतर काही केलं तरी ते थांबत नाही. त्याच्या अगोदर शरीर खुणा देतं: श्वास तुटक होतो, मांड्या आणि कुल्ले आवळले जातात, वृषण वर ओढले जातात, शिश्नाच्या मुळाशी गच्च वाटू लागतं. मन हिशेबात असेल तर या खुणा कळतच नाहीत, आणि माणूस एकदम त्या क्षणापाशी येऊन ठेपतो. हे सांगितल्यावर तोच म्हणाला, “मागाचा आवाज बदलला की धागा तुटणार हे आम्हाला आधी कळतं. तसंच म्हणा की.” अगदी तसंच.

मग ‘थांबा आणि पुन्हा सुरू करा’ हा सराव दिला. जेम्स सीमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९५६ साली तो मांडला आणि आजही समुपदेशक तोच शिकवतात. उत्तेजनेला शून्य ते दहा असे मनात आकडे द्यायचे. दहा म्हणजे वीर्यपतन, नऊ म्हणजे आता थांबणं अशक्य. थांबायचं सहा-सातवर. तीन-चारवर उतरलं की पुन्हा सुरू. असं तीनदा थांबायचं आणि चौथ्या वेळी होऊ द्यायचं. एका वेळेला पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा. पहिला आठवडा त्याने एकट्याने, कोरड्या हाताने केलं. जमू लागल्यावर तेल लावून, कारण ओलसर स्पर्श संभोगाच्या जास्त जवळ जातो. (निरोध वापरताना मात्र खोबरेल तेल नको. तेलाने निरोधाचं रबर कमजोर होऊन तो फाटतो. त्यासाठी मेडिकलमध्ये पाण्यात मिसळणारं जेल मिळतं.)

दुसऱ्या भेटीत तो निराश होऊन आला. “थांबतो, पण थांबल्यावरच होऊन जातं.” ही अडचण जवळजवळ सगळ्यांनाच येते. नेमकं काय करतोस हे विचारल्यावर कळलं की तो आठ-साडेआठवर थांबत होता, आणि थांबताना अंग आवळून धरत होता. लघवी रोखल्यासारखं आवळलं की वीर्यपतनाला उलट जोरच मिळतो. थांबायचं म्हणजे सैल सोडायचं: मांड्या सैल, कुल्ले सैल, पोट फुगेल असा खोल श्वास, आणि सोडताना जास्त सावकाश. त्याला पाचवरच थांबायला सांगितलं. ‘इतक्या लवकर?’ असं वाटतं, तीच बरोबर वेळ. थांबल्यावर ताठरता थोडी उतरते, त्याने घाबरायचं नाही, ती परत येते.

पुढचे तीन आठवडे दोघांचे. या काळात संभोग करायचा नाही असं आधीच ठरवून टाकलं, म्हणजे परीक्षेची भीती राहत नाही. आता हात तिचा. त्याने फक्त “थांब” म्हणायचं आणि तिने लगेच हात थांबवायचा. कधी चुकून झालंच तर हसून सोडून द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं. भिंतीकडे तोंड करायचं नाही, ही अट तिने स्वतः घातली.

काही जोडप्यांना नुसतं थांबणं पुरत नाही. त्यांनी थांबल्यावर शिश्नाच्या टोकाच्या अगदी खाली दाब द्यावा. अंगठा खालच्या बाजूला, जिथे कातडीचा बारीक पडदा जोडलेला असतो तिथे, आणि दोन बोटं वरच्या बाजूला. दुखणार नाही इतपत दाब, दहा-वीस सेकंद. या जोडप्याला त्याची गरज पडली नाही.

त्यानंतर संभोग, पण तो खाली उताणा आणि ती वर. पुरुष वर असला की हातापायांवर, पोटावर ताण येतो आणि खुणा कळत नाहीत. पहिल्या काही वेळा आत गेल्यावर दोघांनी हलायचंच नाही, फक्त श्वास घ्यायचा. मग तिने सावकाश हलायचं, पाचवर आला की थांबायचं. ते जमल्यावर कुशीवर. पुरुष वर ही पद्धत सगळ्यात शेवटी. निरोध एकच वापरला तरी संवेदना थोडी कमी होऊन मदत होते.

दरम्यान तिच्या सुखाचं काय? ते संभोगाच्या मिनिटांवर टांगून ठेवायचं कारण नाही. पुष्कळ स्त्रियांना नुसत्या आत जाण्याने परमोच्च सुख मिळत नाही. योनीच्या तोंडाच्या वर, बाहेरच्या बाजूला दाण्यासारखी शिश्निका असते, तिला हाताने केलेला हळुवार स्पर्श लागतो. हे आधी किंवा नंतर, केव्हाही करता येतं. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि तिने कधी म्हटलं नव्हतं.

जागेचा प्रश्नही सोडवावा लागला. पडद्याच्या जागी कडी लागणारं दार बसवलं. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी आई-वडील देवळात जात, तो वेळ त्यांनी धरला. मला विचाराल तर त्या दाराचा उपयोग कुठल्याही कॅप्सूलपेक्षा जास्त झाला.

दोन-अडीच महिन्यांनी त्यांच्या अंदाजाने पाच-सहा मिनिटं होत होती. रात्रपाळी करून थकून आल्यावर किंवा बऱ्याच दिवसांनी जवळ आले तर पूर्वीसारखं पटकनही व्हायचं. ते व्हायचंच. सराव पूर्ण सोडला तर बऱ्याच जणांची घाई हळूहळू परत येते, म्हणून अधूनमधून थांबत-थांबत करणं त्यांनी चालू ठेवलंय.

दोन-तीन महिने नीट सराव करूनही फरक नसेल, तर डॉक्टरकडे जावं. काही लक्षणं असतील तर तेवढीही वाट पाहू नये: ताठरता टिकत नाही, लघवीला किंवा वीर्यपतनाच्या वेळी दुखतं, वीर्यात रक्त दिसतं, किंवा वर्षानुवर्षं ठीक असताना अचानक घाई सुरू झाली आणि जोडीला छातीत धडधड, वजन घटणं, हात थरथरणं आहे. यामागे थायरॉइड, पुरस्थ ग्रंथीची सूज किंवा मधुमेह असू शकतो. ताठरता जाईल या धास्तीने घाई करणारेही असतात, त्यांच्यात आधी ताठरतेचा इलाज करावा लागतो. मूत्ररोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, दोघेही हे पाहतात. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीतही विचारता येतं. बधिर करणारा स्प्रे किंवा वीर्यपतन लांबवणाऱ्या गोळ्या त्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. आणि आधी कुठून कॅप्सूल आणल्या असतील तर त्या डबीसकट डॉक्टरांना दाखवाव्यात. ‘आयुर्वेदिक’ लिहिलेल्या काही कॅप्सूलमध्ये ताठरतेचं इंग्रजी औषध मिसळलेलं असतं, आणि छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो.