कुकबुकचा रिव्ह्यू: दोष पुस्तकाचा की आपल्या किचनचा?

प्रश्न: एका कुकबुकमधल्या पाच-सहा रेसिपी घरी करून बघितल्या, काही मस्त झाल्या, काही फसल्या. आता रिव्ह्यू लिहायचाय, पण तो एकतर्फी होऊ नये. कसा लिहू?

फसलेल्या रेसिपींपासून सुरुवात करा, कारण खरा घोळ तिथेच असतो. जमलेल्या पदार्थाबद्दल लिहायला काही लागत नाही, पण फसलेला पदार्थ पुस्तकामुळे फसला की आपल्या ओव्हनमुळे, कपामुळे, आपण ऐनवेळी बदललेल्या जिन्नसामुळे, हे ठरवल्याशिवाय लिहिलं तर तो पुस्तकावर अन्याय होतो नाहीतर वाचणाऱ्यावर. मी बरेच रिव्ह्यू लिहिलेत आणि माझा सगळ्यात जास्त वेळ ह्याच कामात जातो.

पहिलं म्हणजे, रिव्ह्यूसाठी करताना पहिल्या खेपेला रेसिपी छापलीय तशीच करायची. साखर कमी नाही, बटरऐवजी तेल नाही, तिप्पट माणसांसाठी नाही. "मी अंडी घातली नाहीत आणि केक फुगला नाही, एक स्टार" असले रिव्ह्यू आपण सगळ्यांनी वाचलेत, त्यातून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. काही बदलावंच लागलं असेल तर ती रेसिपी मोजणीत धरू नका, किंवा बदल स्पष्ट लिहा. आणि करता करता पुस्तकात पेन्सिलीने लिहून ठेवा की गॅसवर कधी ठेवलं, कधी झालं, किती जणांना पुरलं, कारण दोन दिवसांनी फक्त "बरं झालं होतं" एवढंच आठवतं.

आता एक केस नीट सांगते. बेकिंगच्या एका पुस्तकातला साधा केक, मैदा २ कप, ओव्हन १८० डिग्री, वेळ ३५ मिनिटं. केक कोरडा आणि दडस झाला. इथेच थांबून "रेसिपी चालत नाही" असं लिहिता आलं असतं, पण कोरडेपणाची निदान दोन कारणं अगदी नेहमीची असतात. एक म्हणजे ओव्हन. घरगुती ओव्हन आकड्यापेक्षा १०-२० डिग्री इकडे तिकडे असणं कॉमन आहे, म्हणून आत ठेवायचा थर्मामीटर लावून बघितला, ओव्हन बरोबर निघाला. आणि ओव्हनचा फॅन चालू असेल तर साधारण २० डिग्री कमी लावतात, तेही तपासलं, फॅन बंद होता. मग राहिला मैदा. कप मैद्यात बुडवून गच्च भरला तर १४५-१५० ग्रॅम बसतो, आणि चमच्याने हलक्या हाताने भरून वरून सुरीने सपाट केला तर १२०-१२५. मी दोन्ही पद्धतीने भरून वजन करून बघितलं, म्हणजे दोन कपांत जवळपास ५० ग्रॅमचा फरक, आणि एवढा मैदा जास्त पडला तर केक कोरडा होणारच.

मग पुस्तक पुन्हा चाळलं तर सुरुवातीच्या पानांत, जी कोणी वाचत नाही, तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं की ह्या पुस्तकात १ कप मैदा म्हणजे १२५ ग्रॅम. २५० ग्रॅम मोजून केक परत केला, बाकी सगळं तसंच ठेवलं, आणि छान मऊ झाला. (एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही.) आता ह्याचा दोष कोणाचा? माझ्या मते रेसिपी शंभर टक्के बरोबर आहे, मांडणी चुकलीय. मग रिव्ह्यूत असं लिहायचं: "केकच्या रेसिपी विश्वासाने करा, पण मैदा वजन करून घ्या. १ कप = १२५ ग्रॅम हे फक्त प्रस्तावनेत दिलंय, रेसिपीच्या पानावर नाही, आणि कप गच्च भरला तर केक कोरडा होतो." वाचणाऱ्याला पुस्तक घ्यावं का तेही कळलं आणि घेतलं तर काय सांभाळायचं तेही कळलं.

ह्याच्या उलट केस म्हणजे कांदा. एका सूपच्या रेसिपीत लिहिलेलं की उभा चिरलेला कांदा मध्यम आचेवर गडद तपकिरी आणि गोडसर होईपर्यंत परता, १० मिनिटं, आणि वर एकूण वेळ ३० मिनिटं. दहा मिनिटांत कांदा मऊ होतो, पारदर्शक होतो, कडेला थोडा रंग धरतो, बस. तसा गडद आणि गोड व्हायला ३५-४५ मिनिटं लागतात, कारण आधी कांद्यातलं पाणी जायला लागतं आणि ते असेपर्यंत रंग येत नाही. आच वाढवली तर कडा करपतात, आतून कच्चाच राहतो आणि सूप कडवट होतं. इथे शेगडी कुठलीही असो, भांडं कुठलंही असो, फरक पाच-सात मिनिटांचा पडेल, अर्ध्या तासाचा नाही, म्हणून हा दोष सरळ पुस्तकाचा. पण तरी मी अजून एक गोष्ट बघते, की हे एकाच रेसिपीत आहे का सगळीकडे. त्या पुस्तकात कांदा परतायच्या दुसऱ्या दोन रेसिपींतही तेच १० मिनिटं छापलेलं होतं, तेव्हा "दिलेल्या वेळांवर अवलंबून राहू नका, कांद्याच्या रेसिपींना अर्धा तास जास्त धरा" असं ठामपणे लिहिता आलं. एकाच ठिकाणी असतं तर छपाईची चूक असू शकते एवढंच लिहिलं असतं. आणि हेही लिहिलं की वेळ सोडून सूपचं प्रमाण उत्तम आहे, पूर्ण वेळ परतल्यावर चव फार सुंदर येते, कारण तेही तितकंच खरं होतं.

तुमच्या पाच-सहा रेसिपींत फक्त मोठे फोटो असलेल्या आहेत का तेही बघा. त्या रेसिपींवर सहसा जास्त मेहनत घेतलेली असते. फोटो नसलेली एक, आणि लांबलचक स्टेप्सची एक, एवढ्या दोन अजून करा, पुस्तकाचा खरा अंदाज तिथे येतो. माझा अनुभव असा की फोटो नसेल तेव्हा "मिश्रण कसं दिसायला हवं" हे शब्दात नीट सांगणारा लेखक भरवशाचा असतो, आणि ही रिव्ह्यूत आवर्जून कौतुक करायची गोष्ट आहे.

चवीचं वेगळं ठेवा. "मला गोड जास्त वाटलं" ही आवड झाली, "बॅटर टिनमधून उतू गेलं" हा दोष. दोन्ही लिहा, पण एका वाक्यात मिसळू नका. मीठ मात्र ह्या दोन्हींच्या मधे येतं, कारण जाड खड्याच्या मिठापेक्षा बारीक मीठ एका चमच्यात बरंच जास्त मावतं, तेव्हा "खारट" लिहायच्या आधी पुस्तकाने कुठलं मीठ धरलंय ते बघा. सांगितलंच नसेल तर ते लिहा.

रिव्ह्यूच्या सुरुवातीलाच कुठल्या रेसिपी केल्या त्यांची नावं आणि काय बदललं ते सांगून टाका, पुस्तक फुकट मिळालं असेल तर तेही. पूर्ण रेसिपी मात्र उतरवून टाकू नका, कृतीचे शब्द लेखकाचे असतात. आणि कुठली आवृत्ती आहे तेही लिहा, कारण पुढच्या छपाईत असल्या वेळा कधीकधी दुरुस्त होतात आणि तुमची तक्रार तोवर जुनी झालेली असते.