घासाघीस नको, हिशेब द्या: रिसेल फ्लॅटचा कमी भाव मागणारं पत्र

प्रश्न: तालुक्याच्या गावी तेरा वर्षं जुन्या बिल्डिंगमधला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आवडला आहे. मालक बाबांच्या ओळखीचे, २४ लाख म्हणतात. आत बराच खर्च आहे. कमी सांगितलं तर त्यांना अपमान वाटेल, नाही सांगितलं तर आमचं कर्ज वाढेल. पत्र कसं लिहावं?

उत्तर: आर्वीच्या एका शिक्षक जोडप्याची केस तुमच्यासारखीच होती, म्हणून तीच आकड्यांसकट सांगतो. ६२० चौरस फूट कार्पेटचा, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही. मालक निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला गेलेले. त्यांची मागणी २४ लाख होती. जोडप्याने पहिल्या मसुद्यात दुरुस्तीचे सहा लाख मांडून १७ लाख देऊ केले होते. पत्र पाठवण्याआधी मला दाखवलं हे बरं झालं, कारण त्यातले बहुतेक आकडे मालकाने एका फोनवर खोडून काढले असते.

सुरुवात आजूबाजूच्या विक्रीपासून करायची, दुरुस्तीपासून नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदलेल्या खरेदीखतांचे इंडेक्स २, म्हणजे किंमत आणि क्षेत्र लिहिलेले उतारे, दिसतात. या जोडप्याला गेल्या वर्षभरातल्या दोन उपयोगी विक्री सापडल्या. त्याच बिल्डिंगमधला पहिल्या मजल्यावरचा ६०० फुटांचा फ्लॅट २२,२०,००० ला, म्हणजे ३,७०० रुपये फुटाने गेला होता. शेजारच्या, तेवढ्याच जुन्या बिल्डिंगमधला दुसरा २२,४०,००० ला गेला होता.

या दुसऱ्या विक्रीत ते फसले. इंडेक्स २ वर क्षेत्र ७६८ फूट लिहिलं होतं, म्हणून त्यांनी भाग देऊन २,९१७ रुपये फूट असा दर काढला. ते ७६८ भिंती धरून मोजलेलं बांधीव क्षेत्र होतं. कार्पेट ६४० फूट होतं आणि खरा दर ३,५०० पडत होता. इंडेक्स २ मधला आकडा कार्पेटचा की बांधीव क्षेत्राचा, हे वाचल्याशिवाय भागाकार करू नका. बसस्टँडजवळच्या लिफ्टवाल्या नव्या स्कीमचा भाव त्यांनी सोडून दिला होता, तोही पत्रात घ्यायला लावला. मालक तो विषय काढणारच. नवी इमारत आणि लिफ्ट यामुळे तो फ्लॅट तुलनेत बसत नाही, हे आपणच एका ओळीत सांगितलेलं बरं.

३,५०० आणि ३,७०० चा मध्य ३,६००. ६२० फुटांचे झाले २२,३२,०००. दुरुस्ती इथून वजा करायची, मालकाच्या २४ लाखांतून नाही.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त घोळ होतो. शेजारचे ते दोन फ्लॅटही तेरा वर्षांचेच होते. जुनी फरशी, फिका रंग, घासलेले नळ त्यांच्यातही होते, आणि ते त्यांच्या भावात आधीच धरलेले आहेत. ते पुन्हा वजा केलं तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मागितल्यासारखं होतं. किचन ट्रॉली बसवणं ही तुमची आवड, दुरुस्ती नाही. वजा करायचं ते फक्त त्या फ्लॅटांपेक्षा इथे जास्त बिघडलेलं.

इथे तशा दोन गोष्टी होत्या. पहिली गच्चीची गळती. स्वयंपाकघराच्या छतावर मिठासारखा पांढरा खार फुटला होता. एका कोपऱ्यात प्लास्टर सुटून गंजलेली सळई दिसत होती, म्हणजे पाणी बरेच पावसाळे मुरत होतं. गच्चीचा जुना कोबा काढून नवं वॉटरप्रूफिंग करायचं ठेकेदाराचं कोटेशन २,६०० फुटांचं, १३० रुपये दराने ३,३८,००० आलं. जोडप्याने ते सगळंच्या सगळं वजा केलं होतं. पण गच्ची बाराही गाळेधारकांची सामाईक. या फ्लॅटच्या वाट्याला साधारण २८,००० येतात. सळई साफ करून छताचा पॅच भरायचे ३८,००० आणि ओल लागलेल्या दोन खोल्यांच्या पुट्टी-रंगाचे २४,००० मात्र पूर्ण मालकाच्या खात्यात.

दुसरी बाथरूम. नहाणी ट्रॅपमध्ये बोळा कोंबून चोवीस तास पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटच्या छतावर ओल उमटली. ट्रॅप आणि भिंतीतले जीआय पाइप बदलून फरशी नव्याने बसवायचे ८२,००० आले. खालच्या बिऱ्हाडाने फोटो दिले, ते पत्राला जोडले.

एकूण १,७२,०००. मालकाच्या मागणीला आपण सांगायचा उलट भाव आला २०,६०,०००. पत्राचा गाभा असा ठेवला:

"काका, सप्रेम नमस्कार. घर आम्हाला मनापासून आवडलं आहे. आपल्या बिल्डिंगमधला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट कार्पेटवर ३,७०० रुपये फुटाने आणि शेजारचा ३,५०० ने नोंदला गेला आहे (इंडेक्स २ जोडले आहेत). त्या सरासरीने आपल्या घराचे २२,३२,००० होतात. गच्चीचा वाटा, छताचा पॅच, दोन खोल्यांची ओल आणि बाथरूम मिळून १,७२,००० खर्च आहे (कोटेशन व फोटो जोडले आहेत). म्हणून आम्ही २०,६०,००० देऊ शकतो. बाथरूमचं काम आपण स्वतः करून दिलंत आणि चोवीस तासांची पाण्याची चाचणी पास झाली, तर ते ८२,००० आम्ही भावात वाढवून देऊ. कर्जमंजुरी आणि कागदपत्रांची तपासणी झाल्यावर इसारचिठ्ठी करू. हा प्रस्ताव पंधरा दिवसांसाठी आहे. हे पत्र म्हणजे करार नाही."

"घराची हालत खराब आहे" असं एकही वाक्य यात नाही. मालकाने त्या घरात मुलं वाढवलेली असतात. त्यांच्या मनाला कोटेशनचा आकडा लागत नाही, विशेषण लागतं. बाथरूमचा पर्याय दिल्यामुळे आपण आकडा फुगवला नाही हेही त्यांना दिसतं, कारण स्वस्तात होत असेल तर ते करून घेऊ शकतात.

आकडा पक्का करण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून फ्लॅटचं सरकारी मूल्य काढून घ्या. मुद्रांक शुल्क सरकारी मूल्य आणि खरेदीची रक्कम यांतल्या जास्त आकड्यावर लागतं, त्यामुळे फार खाली उतरून शुल्क वाचत नाही. आणि सरकारी मूल्य खरेदीच्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं, तर आयकरात तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जाऊ शकतो.

एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाया हलला की खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग पडते आणि ती भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसते. बीम आणि भिंतीच्या सांध्यावरची आडवी, केसाएवढी रेघ वेगळी, ती बहुतेक वेळा प्लास्टरची असते. तिरपी भेग दिसली तर उलट भावाचं पत्र बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर आणा. त्या दुरुस्तीचं कोटेशन मिस्त्री देऊ शकत नाही.

आर्वीच्या मालकांनी पाच दिवसांनी फोन केला. गच्चीचा वाटा त्यांनी मान्य केला, बाथरूमचं काम नागपूरहून करवून घेणं जमणार नाही म्हणाले, आणि चांगल्या शेजाराचे म्हणून थोडे वाढवून मागितले. सौदा २१,१०,००० ला ठरला. इसारचिठ्ठीत दोन ओळी जास्त घातल्या: गच्चीच्या कामाची वर्गणी खरेदीखताच्या तारखेपूर्वी लागू झाली तरी मालकाकडे मागायची नाही, कारण ती भावात वजा झाली आहे, आणि देखभालीची मागची थकबाकी मालकाने भरून अपार्टमेंटच्या संघटनेचा ना-हरकत दाखला द्यायचा.