टेस्टरच्या रेझ्युमेत बगचा आकडा

प्रश्न: इंदूरला तीन वर्षं टेस्टर आहे. रेझ्युमेत "४०० बग शोधले" लिहू का?

नुसता आकडा नको. त्यातले गंभीर किती आणि रिलीजनंतर किती निसटले, ते लिहा. टेस्टर निवडताना मी रेझ्युमे वाचते आणि ४०० दिसले की पहिली शंका येते, यात स्पेलिंगच्या चुका किती? त्यापेक्षा असं लिहा: "पेमेंट मॉड्यूल: ६० पैकी ५४ रिक्वायरमेंटना टेस्ट केस. पैसे दोनदा कापणारा बग रिलीजआधी पकडला. रिग्रेशनचे १२० केस सेलेनियमवर, दोन दिवसांऐवजी तीन तासांत. रिलीजला टेस्टिंगचा साइन-ऑफ माझा." कव्हरेज रिक्वायरमेंटचं की कोडचं, हेही सांगाच, सगळा कोड तपासला तरी जी रिक्वायरमेंट कोडमध्ये उतरलीच नाही ती त्यात दिसत नाही. मात्र गोपनीयतेचा करार असेल तर क्लायंटचं नाव आणि बगचा तपशील गाळा.