'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' म्हणजे सल्फाइट नाही, असं समजू नका

> पाकिटावर 'नो प्रिझर्व्हेटिव्ह' असं ठळक छापलंय, तरी खाल्लं की अर्ध्या तासात छाती आवळून येते. घटकांमध्ये 'अँटिऑक्सिडंट (२२३)' आहे, पण अँटिऑक्सिडंट तर चांगलं असतं ना? 'नॅचरल' लिहिलेलं घेतलं तर चालेल का?

तुमची पोस्ट वाचून जुने दिवस आठवले. आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही. श्वासाचा त्रास होतोय तर दमा आहे का हे आधी तपासून घ्या. पुढचं सगळं त्यानंतरचं.

२२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट. २२० ते २२८ हे आकडे सल्फर डायऑक्साइड आणि सल्फाइटच्या कुटुंबातले. कंसाआधी छापलेला शब्द त्या पदार्थानं केलेलं काम सांगतो, पदार्थ कोणता ते सांगत नाही. सल्फाइट बुरशी-जंतू रोखतं तेव्हा ते प्रिझर्व्हेटिव्ह, फळ काळं पडू देत नाही तेव्हा अँटिऑक्सिडंट. व्हिटॅमिन सी (३००) सुद्धा अँटिऑक्सिडंट म्हणूनच छापतात, म्हणून त्या शब्दावर जाऊ नका, आकडा बघा. उत्पादक म्हणणार, आम्ही रंग टिकवायला घातलंय, माल टिकवण्यासाठी नाही. कागदावर खरं, आपल्या छातीला काय फरक पडतो?

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका कंपनीच्या ग्राहक सेवा विभागानं. मी विचारायचे, सल्फाइट आहे का? उत्तर ठरलेलं: 'आमच्या उत्पादनात प्रिझर्व्हेटिव्ह वापरलेले नाही, ते सर्व मानकांनुसार आहे.' पुन्हा विचारलं की तेच वाक्य, फक्त खाली सही दुसऱ्याची. त्या उत्तरावर विसंबून मी तोच माल खात राहिले आणि दोष धुळीला देत राहिले. त्यात त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी निगेटिव्ह आली, म्हणून घरचेही म्हणाले, मनाचे खेळ. सल्फाइटचा त्रास बहुतेक वेळा नेहमीच्या अ‍ॅलर्जीच्या मार्गानं होत नाही, म्हणून त्या चाचणीत तो सहसा दिसत नाही. खात्री करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं देऊन बघतात. घरी हा प्रयोग कृपा करून करू नका.

आता प्रमाणाचं बघू. युरोपीय संघात १ किलोत १० मिलिग्रॅमहून जास्त आणि अमेरिकेत १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ते लेबलवर सांगावं लागतं. सुक्या जर्दाळूला युरोपात कमाल २००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे मर्यादेला टेकलेल्या मालाचे ३० ग्रॅम खाल्ले की ६० मिलिग्रॅम पोटात. अन्न-मिश्रकांची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समिती रोजच्या सेवनाची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.७ मिलिग्रॅम धरते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२. आणि ही मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी आहे, आपल्यासारख्या संवेदनशील लोकांना त्याहून कमीतही त्रास होऊ शकतो.

सुक्या जर्दाळूत हे डोळ्यांनी दिसतं. चकचकीत नारिंगी असेल तर सल्फर डायऑक्साइड दिलेलं असतं. न दिलेलं गडद तपकिरी, थोडं मळकट दिसतं आणि चव जरा कॅरमेलसारखी लागते. धुऊन पूर्ण जात नाही, शिजवून थोडं उडतं पण त्यावर भरवसा नको. आंबट पेयांत ते वायू होऊन सुटतं, त्यामुळे बाटली उघडताच नाकाला झोंबत असेल तर तोंड जवळ नेऊ नका.

'नॅचरल'चं म्हणाल तर माझं मत कडक आहे: निदान या त्रासापुरता तो शब्द शून्य कामाचा. आंबवताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं, म्हणून 'सल्फाइट घातलेलं नाही' असं लिहिलेल्या वाइनमध्येही ते शून्य असेलच असं नाही. जाता जाता: सल्फेट आणि सल्फा गटाची औषधं ही वेगळी प्रकरणं आहेत, नाव मिळतंजुळतं म्हणून ती सोडू नका.

कंपनीला लिहायचंच असेल तर 'प्रिझर्व्हेटिव्ह' हा शब्दच वापरू नका. एवढंच विचारा: 'तयार मालात एकूण सल्फर डायऑक्साइड किलोमागे किती मिलिग्रॅम आहे? कच्च्या मालातून आलेलंही धरून सांगा.' यावर आकडा आला तर ठीक. पुन्हा मानकांचं वाक्य आलं तर तो माल मी घेत नाही.